चरबी एंडोडर्मपासून बनतच नाही हो

"आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात बाळाचे तीन थर बनतात. ज्याचा आतला थर एंडोडर्म जास्त, तो एंडोमॉर्फ म्हणजे जन्मजात जाड. मधला जास्त तो मेसोमॉर्फ, मसलवाला. बाहेरचा जास्त तो एक्टोमॉर्फ, काडीपैलवान. हे जन्माआधीच फिक्स असतं. एंडोमॉर्फने कितीही पळा, फरक पडणार नाही. सायन्सने सिद्ध झालंय. पुढे पाठवा."

जिमच्या ग्रुपवरून हे माझ्या भाच्याकडे आलं आणि त्याने मला पाठवलं, खाली "मावशी, म्हणून माझं कमी होत नाही बघ." पळायला जाणं त्याने बंदच केलंय. बारावीला बायोलॉजी शिकवणाऱ्या बाईचा भाचा हा, काय बोलायचं.

आधी चरबीचंच घेते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. चरबीच्या पेशी मेसोडर्मपासून, म्हणजे मधल्या थरापासून बनतात. मसल, हाडं, रक्त, हृदय, किडनी हेही सगळं मेसोडर्मचंच, म्हणजे "जाड" आणि "मसलवाला" दोघांचा माल एकाच थरातून आला. चेहऱ्याच्या भागातली थोडी चरबी न्यूरल क्रेस्टच्या, म्हणजे बनत्या मेंदू-मज्जारज्जूच्या कडेवरून सुटून दूर जाणाऱ्या पेशींपासून येते असं दिसतं, पण त्यासुद्धा एक्टोडर्मच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या. एंडोडर्मच्या वाट्याला चरबी येतच नाही. त्याच्यापासून आतड्याचं आणि फुफ्फुसाचं आतलं अस्तर, लिव्हर-पॅनक्रियाजच्या मुख्य पेशी, थायरॉइड वगैरे होतं. आता यात पोट सुटायला काय कारण आहे सांगा.

तिसरा आठवडा मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य. पंधराव्या दिवसाच्या आसपास भ्रूण म्हणजे मिलिमीटरपेक्षाही छोटी चकती असते, तिला दोनच थर. वरच्या थरावर, एपिब्लास्टवर, एक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक, आणि वरच्या पेशी त्या रेघेतून खाली उतरायला लागतात. पहिल्या उतरतात त्या खालच्या थराची जागा घेतात, तो एंडोडर्म. मागून येणाऱ्या मध्ये पसरतात, तो मेसोडर्म. ज्या वरच राहिल्या तो एक्टोडर्म. हेच गॅस्ट्रुलेशन. म्हणजे तिन्ही थर एकाच थरातून निघाले, आणि तिथे कोणाला किती मिळालं याचा कोटा आयुष्यभर पुरत नाही, कारण पुढे प्रत्येक अवयव आपापल्या सिग्नलवर वाढतो. चरबीच्या पेशी तर जन्मानंतरही बनत राहतात.

आणि एका थराचा एक अवयव असंही नसतं. आतडंच घ्या. आतलं अस्तर एंडोडर्मचं, भिंतीतले स्नायू मेसोडर्मचे, आणि त्या स्नायूंना हलवणाऱ्या नसा एक्टोडर्मच्या, न्यूरल क्रेस्टच्या पेशी वरून खाली सरकत सरकत येऊन बनवतात. त्या शेवटपर्यंत पोचल्या नाहीत तर खालच्या टोकाला नसाच नसतात, तेवढा भाग सैल होत नाही, बाळाला पहिले ४८ तास शी होत नाही, पोट फुगतं. हा हर्शस्प्रंग्स डिसीज. बायोप्सीत त्या भागात नसपेशी दिसत नाहीत, त्यावरून खात्री करतात आणि ऑपरेशन करून तो तुकडा काढतात. थरातून आलेल्या पेशींची गडबड झाली तर ती अशी दिसते, कमरेच्या साइजमध्ये नाही.

"सायन्सने सिद्ध"चं मूळ म्हणजे विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन सायकॉलॉजिस्ट. १९४० मध्ये त्याने कॉलेजच्या सुमारे ४००० मुलांच्या फोटोंवरून प्रत्येकाला तिन्ही प्रकारांत १ ते ७ नंबर देण्याची पद्धत मांडली. नावं त्याने थरांवरून घेतली हे खरंय, पण तपासले फोटो, भ्रूण नाही.

आता अर्धं खरं काय ते. वजनात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे, हे मलाही नाकारता येत नाही. पण तो कुठून चालतो ते बघा. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये सुमारे ३ लाख ३९ हजार लोकांचा अभ्यास आला, बीएमआयशी जोडलेल्या ९७ जागा जीनोममध्ये सापडल्या, आणि त्यांच्या आसपासचे जीन्स सगळ्यात जास्त बोट दाखवतात ते मेंदूकडे, भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे. मेंदू एक्टोडर्मचा! म्हणजे मेसेजच्या हिशोबाने जाड माणूसच एक्टोमॉर्फ ठरला पाहिजे. आणि भूक जास्त लागणं म्हणजे पळून उपयोग नाही असं होत नाही, फक्त पळून आल्यावर ताटात काय पडतं तेही बघावं लागतं.

एंडोडर्मचा वजनाशी अगदीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. थायरॉइड त्याचाच, आणि तो मंदावला तर वजन वाढतं, बहुतेकदा थोडंच. पण ते टीएसएचच्या साध्या रक्ततपासणीत कळतं आणि त्यावर रोजची एक गोळी असते. भाच्याला तीच टेस्ट करायला सांगितलीय, आणि रिपोर्ट येईपर्यंत पळायलाही.