हार, नारळ आणि चष्मा

आमची संस्था सांगलीतली, काम जत तालुक्यातल्या गावांत. शिबिर भरवायचं, डोळे तपासायचे, चाळिशीचे चष्मे फुकट द्यायचे आणि मोतीबिंदू निघाला तर मिरजेला ऑपरेशनला पाठवायचं. एवढं साधं काम. पण मार्च संपला की अध्यक्ष अप्पांना वर्षभराच्या कामाचा व्हिडिओ हवा असतो. देणगीदारांना दाखवायला, तीन मिनिटांचा. "तुला कॉम्प्युटरचं कळतंय की," असं म्हणून तो माझ्या गळ्यात पडतो.

ग्रुपवर फोटो मागितले आणि दुपारपर्यंत फोन गरम झाला. एक फोटो चार सेकंद धरला तर तीन मिनिटांत पंचेचाळीस बसतात. नाव, आभार वगळता चाळीसच. आले होते सातशेच्या वर. त्यात दीपप्रज्वलन होतं, नारळ होता, शाल होती, पाहुण्यांचं भाषण चार कोनांतून होतं. चष्मा घातलेला माणूस मात्र सापडेना. कारण फोटोग्राफरला बोलावतात उद्घाटनाला आणि तो पाहुण्यांबरोबरच निघून जातो. तपासणी सुरू होते तेव्हा मंडपात उरतात डॉक्टर, पेशंट आणि वडा संपलाय का हे विचारणारे कार्यकर्ते.

बरं, कुठला फोटो कुठल्या गावचा? व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही. फाइलच्या नावात IMG-20250402-WA0037 असं काहीतरी असतं, पण ती फोटो पाठवल्याची तारीख. त्या हिशोबानं आमची वर्षभराची सगळी शिबिरं दोन एप्रिलला, एकाच दुपारी पार पडली होती. शेवटी मदतीला धावून आला तो बॅनर, ज्याला मी आजवर नावं ठेवत आलो. फोटो मोठा करून बॅनरवरचं गाव वाचायचं. त्यातही काटकसरी सचिवांनी जुन्याच बॅनरवर नव्या तारखेचा कागद चिकटवलेला, आणि वाऱ्यानं तो निम्मा उडालेला. मोठा करावा तर फोटोचे चौकोन दिसायला लागतात, कारण पाठवतानाच तो दाबून लहान झालेला असतो. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं मी लिहिलं, तर एका काकांनी आधार कार्ड पाठवलं.

मग आकडे. अप्पांनी चिठ्ठी दिली : लाभार्थी ८८३. मी वह्या मागवल्या. तपासणी ६४०, चष्मे २१२, ऑपरेशन ३१. अप्पांनी तिन्हींची सरळ बेरीज मारली होती.

"अप्पा, ज्यांना चष्मा दिला ते तपासणीच्या ६४० मध्ये आलेच की."

"म्हणजे त्यांना दोनदा लाभ झाला."

"आणि ऑपरेशनवाल्यांना?"

"त्यांना तर काय, जास्तच झाला!"

यावर बोलणार काय? पण देणगीदारांमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत आणि ते बेरीज तपासल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. त्यांचा धाक घालून मी तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायची परवानगी मिळवली. उरला एक प्रश्न : दोन गावांच्या शिबिरांना हजेरी लावलेले उत्साही लोक. ते वहीत दोनदा आहेत. म्हणून पडद्यावर '६४० माणसं' न लिहिता '६४० तपासण्या' लिहिलं. अप्पांना त्यातला फरक कळला नाही, मॅनेजरसाहेबांना कळला.

लाभार्थ्यांची मनोगतं सचिवांनी आधीच टाइप करून ठेवली होती. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : 'संस्थेच्या या स्तुत्य उपक्रमामुळे माझ्या जीवनात प्रकाश पसरला.' जतच्या पूर्वेकडं निम्मं बोलणं कानडीत चालतं. तिथली मेंढरं राखणारी माणसं 'स्तुत्य उपक्रम' कधी म्हणायला लागली? वर ते जुन्या फॉन्टात टाइप केलेलं. व्हिडिओत चिकटवलं तर 'जीवनात प्रकाश'च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं उमटली. मला बरंच वाटलं.

मग एका कार्यकर्त्याला गावात पाठवलं. त्याला बजावून सांगितलं, "कसं वाटतंय असं विचारू नकोस. चष्मा आल्यापासून काय करता येतं ते विचार. फोटो काढताना मान जरा खाली घ्यायला सांग, नाहीतर काचेत नुसतं आभाळ दिसतंय. आणि व्हिडिओ देणगीदारांना दाखवणार, हे सांगून होकार घे." एक आज्जी बोलल्या. सुपात तांदूळ, नाकावर नवा चष्मा, आणि म्हणाल्या, "आता तांदळातला खडा दिसतोय बगा. सून निवडती त्यात किती ऱ्हात्यात, ते बी दिसायलंय."

मी पाहुण्यांचं भाषण दोन सेकंदांवर आणलं आणि आज्जींना पुरती वीस सेकंदं दिली, मागचं सतारवादनही बंद केलं. सभेत लोक हसले. मॅनेजरसाहेबांनी तिथंच पुढच्या शिबिराच्या चष्म्यांचा खर्च उचलला. पाहुणे दोनच सेकंद दिसले म्हणून अप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी फोन आला, आज्जींच्या सुनेचा. होकार आम्ही आज्जींचा घेतला होता, तिचा कुठं घेतला होता?

"ते वाक्य काढा," ती म्हणाली, "नाहीतर खाली लिवा, तांदूळ रेशनचा हुता म्हणून."