लूप चालला म्हणून इंडेक्स बरोबर ठरत नाही

"लूप कागदावर सोडवत बसायची काही गरज नाही. इंडेक्स एकने चुकला तर एरर येतेच. एरर नाही, उत्तरही बरोबर, मग लूप बरोबर. आणि आलीच एरर, तर एक मिळवून किंवा वजा करून बघायचं."

असं काहीजण म्हणतात. पण एरर येतेच, हे मुळात खरं नाही. भावात एका दिवसात झालेली सर्वांत मोठी वाढ शोधणारा हा पायथन कोड बघा:

```python
a = [20, 21, 25, 28, 30]
best = 0
for i in range(len(a)):
    d = a[i] - a[i-1]
    if d > best:
        best = d
```

पहिल्या फेरीत `i` शून्य आहे, म्हणजे `a[i-1]` झालं `a[-1]`. पायथनमध्ये हा शेवटचा घटक, 30. त्यामुळे पहिल्या दिवसातून शेवटचा दिवस वजा होतो आणि पायथन हूं की चूं करत नाही. सीमध्ये तर `a[-1]` किंवा `a[5]` वाचलं तर काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी शेजारच्या मेमरीतली भलतीच संख्या निमूट हातात येते.

आता "उत्तर बरोबर आलं" याचं. वरच्या कोडचं उत्तर 4 येतं आणि ते बरोबरच आहे, कारण पहिल्या फेरीतला फरक उणे 10 निघतो आणि `best` जागचा हलत नाही. भाव उतरते घ्या: 30, 28, 25, 21, 20. वाढ एकाही दिवशी नाही, म्हणजे उत्तर 0 हवं. पहिली फेरी 30 मधून 20 वजा करते आणि उत्तर येतं 10. चाचणीला चढते भावच दिले, तर ही चूक वर्षभरही दबून राहील.

एक वजा करून बघण्यात याहून मोठा धोका आहे. समजा कुणी `range(len(a)-1)` केलं. पहिली फेरी होती तशीच चुकीची राहिली, आणि शेवटच्या फेरीत `i` 3 असल्याने 28 ते 30 ही जोडी सुटली. चढत्या भावांवर उत्तर तरीही 4! एकाच्या दोन चुका झाल्या आणि चाचणी पास.

कागदावर सगळ्या फेऱ्या लिहायच्या नसतातच. पहिली आणि शेवटची, एवढ्या दोनच. `range(1, len(a))` घेतलं तर पहिल्या फेरीत `a[1] - a[0]`, शेवटच्या फेरीत `a[4] - a[3]`. दोन्ही टोकं यादीच्या आत आहेत आणि एकही जोडी सुटलेली नाही. पाच घटकांच्या जोड्या चार, फेऱ्याही चार. मग एकच घटक असलेली यादी घ्यायची: `range(1, 1)` रिकामा, फेरी एकही नाही, उत्तर 0. मी हा ताळा प्रत्येक लूपला करतो, मिनिटभराचं काम आहे.

मात्र लूपच्या आतच यादीतले घटक काढले जात असतील, किंवा `i` मध्येच बदलत असेल, तर टोकं तपासून भागत नाही. तिथे ज्या फेरीत घटक निघतो तिच्या लगेच पुढची फेरीही लिहून काढावी लागते, कारण पुढचे घटक एक घर मागे सरकतात आणि `i` नेमका त्यातल्या एकावरून उडी मारून जातो.