जुलाबावाटे ‘उष्णता’ बाहेर पडत नसते

“ओटीपोटाला शेक दिल्यावर पाण्यासारखे जुलाब झाले तर घाबरू नका, अंगातली उष्णता आणि विष बाहेर पडतंय. थांबवू नका. सकाळ-संध्याकाळ कोमट दुधात दोन चमचे साजूक तूप द्या, पाणी कमी पाजा. डॉक्टरांना सांगू नका, ते शेक बंद करतात.”

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत हे आमच्या नात्यातल्या एका मावशींच्या फोनवर आलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशनचे उपचार, त्यांचे नुकतेच संपलेत. दूध-तूप सुरूही झालं होतं, म्हणून लिहायला बसलो.

बाहेरून दिलेल्या रेडिएशनचं मशीन बंद झालं की अंगात काहीही उरत नाही, मग बाहेर काय पडणार? जुलाब होतात कारण ओटीपोटातलं लहान आतडं शेकाच्या वाटेत येतं आणि त्याचं आतलं अस्तर झडतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज याच अस्तरात तयार होतं. ते कमी पडलं की दुधातली साखर न पचता पुढे जाते, पाणी ओढून घेते, पोट गुरगुरतं, गॅस होतो.

तुपाची गोष्ट याहून वाईट. स्निग्ध पदार्थ पचवायला पित्त लागतं, आणि काम झालं की लहान आतड्याचा शेवटचा भाग ते परत शोषून घेतो. ओटीपोटाच्या शेकात नेमका तोच भाग सापडतो. शोषलं न गेलेलं पित्त मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे पाणी सुटतं. जितकं तूप जास्त, तितकं पित्त जास्त, तितके जुलाब जास्त. म्हणजे हा उपाय स्वतःच जुलाब वाढवतो, आणि फॉरवर्ड वाचणारी माणसं समाधानाने म्हणतात, “बघा, विष निघतंय.”

पाणी कमी पाजणं तर सरळ धोक्याचं. शेकासोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांनी जास्तच जपायचं, कारण ते औषध आधीच किडनीवर ताण देतं आणि अंगातलं पाणी आटलं की किडनीला इजा होते. प्रत्येक पातळ जुलाबानंतर ग्लासभर ओआरएस, घोट घोट. पाकीट 1 लिटरचं आहे की 200 मिलीचं ते वाचा आणि तेवढ्याच पाण्यात सगळं टाका; घट्ट केलेलं ओआरएस उलट पाणी खेचतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते आधी विचारा.

खाण्याचं फार अवघड नाही. मऊ भात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी वरून तूप न घालता, उकडलेला बटाटा, केळं, थोडं थोडं पाच-सहा वेळा. तळण, मिसळीची तर्री, कडक चहा-कॉफी, शुगर-फ्री गोळ्या काही दिवस बाजूला. पातळ ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. पण भाजी-फळं कायमची बंद करू नका. जुलाब आटोक्यात आले की हळूहळू परत आणा.

एक मान्य करतो: असे जुलाब पुष्कळांना होतात, बहुधा शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचे ओसरतात. पण त्यावरून कुणाला सांगूच नये, हे कुठून आलं? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे शेक आणि आतलं रेडिएशन धरून उपचार साधारण 8 आठवड्यांत संपवायचे असतात. वेळेवर सांगितलं तर गोळीवर भागतं. लपवलं तर पेशंट सलाईनवर जातो आणि खाडा तेव्हाच पडतो.

किती झाले की सांगायचं? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची सीटीसीएई ही मोजपट्टी कॅन्सरचे डॉक्टर वापरतात. तिच्यात नेहमीपेक्षा किती वेळा जास्त, ते बघतात. आधी दिवसातून एकदा होत असेल आणि आता सहा वेळा, तर वाढ पाचची. 4 ते 6 ची वाढ ही दुसरी पायरी: त्याच दिवशी फोन करा. 7 किंवा जास्त ही तिसरी: थेट हॉस्पिटल गाठा. आकडा कमी असला तरी रक्त पडलं, 100.4 च्या वर ताप आला, पोटात जोरात दुखलं, उभं राहिल्यावर चक्कर आली, लघवी खूप कमी झाली किंवा प्यायलेलं पाणी टिकेना, तर थांबू नका. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ताप किंवा रक्त असताना तर मुळीच नाही.

हाच त्रास शेक संपून महिने-वर्षं उलटल्यावरही सुरू होऊ शकतो. तेव्हा लोक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन “पोट बिघडलंय” एवढंच सांगतात आणि जंताच्या गोळ्या घेऊन येतात. शोषलं न गेलेल्या पित्तावर कोलेस्टायरामीनची पावडर आहे, पण ती इतर औषधंही अडकवते म्हणून त्यांच्या वेळेपासून लांब घ्यावी लागते, आणि ती लिहून देण्याचा विचार डॉक्टर तेव्हाच करतील, जेव्हा त्यांना कळेल: “ओटीपोटाला अमुक साली शेक झाले होते, आधी एकदा जायचे, आता सहा वेळा, रात्रीही उठावं लागतं.”