रिलीजची तारीख विचारायची नसते

समजा, तुम्ही अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहात. सव्वाचार वर्षं झाली. रविवारी सकाळी मिसळीची प्लेट पुढ्यात येते न येते तोच साहेबांचा फोन येतो, की कस्टमरच्या लाइनवर आपला माल अडकलाय, आणि तुम्ही तर्री तशीच टाकून चाकणच्या रस्त्याला लागता. तिथे दिवसभर उभं राहून पेट्यांतले पार्ट निवडायचे आणि रात्री नारायणगावला चहा पिऊन परत यायचं. आता तुमच्या मनात आलंय, की याच कंपनीत एनपीडीला, म्हणजे नवे पार्ट डेव्हलप करतात त्या विभागात, बदली मागावी का? की चाकणच्याच कुठल्या कंपनीची ऑफर घेऊन मोकळं व्हावं? निदान सॉर्टिंगला जायचा प्रवास तरी वाचेल.

असा प्रश्न पडला, की काही लोक विचार करायला बसतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

पहिली गोष्ट, त्रास नेमका कशाचा आहे हे शोधू नका. ते शोधायची पद्धत तुम्हाला येते, हाच मोठा धोका आहे. एखादं भोक जरा मोठं निघालं, की तुम्ही एट-डी रिपोर्टमध्ये पाच वेळा ‘का?’ विचारून मुळाशी जाता. तोच प्रकार चुकून स्वतःवर करून बघितलात तर काय होईल? रविवारी फोन का येतो? माल रिजेक्ट होतो म्हणून. रिजेक्ट का होतो? खराब पार्ट फायनल इन्स्पेक्शनमधून सुटतो म्हणून. का सुटतो? तिसऱ्या शिफ्टला तपासायला एकच माणूस असतो म्हणून. एकच का? दुसरा सोडून गेला, त्याची जागा भरली नाही म्हणून. का नाही भरली? वरून भरती बंद आहे म्हणून.

झालं ना वाटोळं? आता तुम्हाला दिसायला लागेल, की भरती एनपीडीतही बंदच आहे. तिथल्या इंजिनियरला दिवसा ट्रायलसाठी मशीन मिळत नाही, कारण प्रॉडक्शनवाले ते सोडत नाहीत, म्हणून तो रात्री बाराला ट्रायल घेतो. म्हणजे बदली घेऊन तुमचा रविवार वाचेल आणि मंगळवारची रात्र जाईल. उलट, तुमची ‘का’ची साखळी जर इथे संपली असती, की ‘रविवारी रिव्ह्यू लावायची हौस फक्त आमच्या साहेबांना आहे, शेजारच्या विभागात कुणी लावत नाही’, तर बदली हे नेमकं औषध ठरलं असतं. आणि ती जर पगारावर येऊन संपली असती, तर बदली मागून काही उपयोगच नव्हता, कारण ग्रेड तीच आणि पगारही तोच. विभाग बदलला म्हणून पगारवाढ देणारी कंपनी मी अजून पाहिलेली नाही. पण इतकं सगळं कळल्यावर माणूस निर्णय घेऊन बसतो. त्यापेक्षा ‘साहेबच वाईट’ एवढं एक कारण धरून ठेवा. कॅन्टीनमध्ये त्याला लगेच अनुमोदन मिळतं.

कॅन्टीनवरून आठवलं. बदलीची इच्छा सर्वांत आधी तिथेच जाहीर करा. साहेबांना ती कंपनीच्या बसमध्ये, पाथर्डी फाट्याच्या स्टॉपपर्यंत तिसऱ्याच माणसाकडून कळली पाहिजे. अंतर्गत जागांची नोटीस लागली, की तिच्याखालचा बारीक मजकूर वाचू नका. सध्याच्या जागेवर किती महिने पूर्ण हवेत, गेल्या वर्षीचं रेटिंग किती हवं, आणि साहेबांची संमती अर्ज करतानाच लागते की निवड झाल्यावर, असल्या कटकटी तिथे लिहिलेल्या असतात. यातला शेवटचा मुद्दा विशेष दुर्लक्ष करण्यासारखा. संमती अर्जाबरोबरच लागत असेल, तर निवड झाली नाही तरी ‘हा जायला निघाला होता’ ही नोंद साहेबांच्या डोक्यात कायमची होते. पण ते आधी कळून काय करायचं?

एनपीडीच्या साहेबांनाही आधी भेटू नका. दहा मिनिटं चहाला गाठून ‘ही जागा रिकामी कशी झाली, आधीचा माणूस कुठे गेला?’ असं विचारणं अगदी अशिष्ट दिसतं. आधीचा माणूस प्रमोशन घेऊन गेला असेल तर ठीक. पण आठ महिन्यांत त्या खुर्चीवरून दोन माणसं उठून गेली असतील, तर ते तुम्हाला रुजू झाल्यावर कळण्यातच खरी मजा आहे.

आता मुख्य विषय, रिलीज.

राजीनाम्यात एक मोठा दोष आहे, तो म्हणजे त्याला तारीख असते. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पीरियड छापलेला असतो, दोन महिने तर दोन महिने. साहेब रागावले, रुसले, आठ दिवस बोलले नाहीत, तरी ती तारीख येतेच. बदलीचं तसं नाही. बदलीला नोटीस पीरियड कुणी छापलेला नसतो. तिथे असतं फक्त साहेबांचं वाक्य, ‘अरे, मी काय अडवतोय का तुला? रिप्लेसमेंट मिळाली की लगेच सोडतो.’ किती मोकळं मन! रिप्लेसमेंट मिळणार नाही, कारण भरती बंद आहे, हे तुम्ही मघाशी पाचव्या ‘का’ला पाहिलंत, पण ते आता विसरा. मग ऑडिट आहे, ते होऊ दे. मग वर्षाअखेरचं डिस्पॅच आहे. मग नाशिकात सगळ्याच गोष्टींना लागू पडणारं कारण आहेच, ‘सिंहस्थ होऊन जाऊ दे, मग बघू.’ रस्ते, पूल आणि तुमची बदली, तिघांची मुदत एकच.

काही आगाऊ लोक अशा वेळी एचआर, जुने साहेब आणि नवे साहेब या तिघांना एकच मेल टाकतात. त्यात तीन गोष्टी लिहितात, की कुठल्या तारखेला मी जागा सोडणार, माझं कुठलं काम कुणाला सोपवणार, आणि त्या तारखेपर्यंत बदली माणूस आला नाही तर कोण बघणार. उत्तर आलं तर तारीख पक्की. आठवडाभर उत्तरच आलं नाही, तर बदली होत नाही हेही पक्कं, आणि मग ते चाकणच्या ऑफरकडे शांतपणे वळतात. असला अविश्वास आपल्याला शोभत नाही. तुम्ही तोंडी ‘हो’वर समाधान माना. ‘तोवर दोन्हीकडचं बघ ना थोडं’ असं साहेब म्हणाले, तर तो स्वतःचा सन्मान समजा. सकाळी एनपीडीची मीटिंग, दुपारी क्वालिटीचे कम्प्लेंट, आणि दोन्ही साहेबांच्या मते तुम्ही दिवसभर दुसरीकडे असता.

बदलीची वेळ निवडायची तर जानेवारी उत्तम. वर्ष मार्चला संपतं, म्हणजे रेटिंगमध्ये नऊ महिने जुन्या साहेबांचे आणि तीन नव्यांचे. जुन्या साहेबांना वरून सांगितलेलं असतं, की दर दहा जणांत एखाद्याला खालचं रेटिंग द्यायचंच. आता उद्यापासून रोज ज्याचं तोंड बघायचंय त्याला ते द्यावं, की निघून गेलेल्याला? नवे साहेब प्रामाणिकपणे म्हणतात, ‘तीन महिन्यांत मी काय सांगू?’ असं तुमचं वर्षभराचं काम दोघांच्या सौजन्यात वाहून जातं. एप्रिलमध्ये रेटिंग हातात पडल्यावर हललं, किंवा निघण्याआधी जुन्या साहेबांकडून नऊ महिन्यांचं मूल्यमापन सिस्टीममध्ये भरून घेतलं, तर हे टळतं असं म्हणतात. टाळायचं कशाला?

ऑफर लेटर दाखवून बदली मागायची कल्पनाही चांगली आहे. एचआर बहुधा पगारात दोन-तीन हजार वाढवून देतं आणि तुम्ही त्याच खुर्चीवर राहता. मागितली बदली आणि मिळाली पगारवाढ, तक्रार कोण करणार?

राहिला पैशाचा हिशेब. तो तर अजिबात करू नका, कारण तो फार सोपा आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० धरा. त्याचे २६ भाग करून १५ भाग घ्यायचे, म्हणजे दर वर्षाचे १५,०००, आणि पाच वर्षांचे ७५,०००. तुम्ही नऊ महिने अलीकडे उभे आहात. चाकणची कंपनी महिन्याला ९,००० जास्त देते म्हणा, तर नऊ महिन्यांचे ८१,००० होतात. ७५,००० सोडून ८१,००० मिळाले, म्हणजे ६,००० चा फायदा! त्यातून चाकणच्या खोलीचं भाडं वजा करायला बायको सांगेल. नाशिकला घर स्वतःचं असल्यामुळे भाडं नावाचा प्रकार तुम्ही विसरलेले असता, ते तसंच राहू द्या. नऊ महिन्यांनंतर मात्र हाच हिशेब उलटतो, तेव्हा ७५,००० खिशात असतात आणि ऑफरचे ९,००० पूर्णपणे वरचे. म्हणजे बदली ही कायमची सोय नसून नऊ महिने बरे जावेत म्हणूनही मागता येते. पण असं हिशेबी वागणं आपल्या रक्तात नाही.

एवढं सांगूनही तुम्ही बदली मागितलीतच आणि एचआरने ‘एनपीडीची जागा आपल्या सिन्नरच्या प्लांटला आहे’ असं सांगितलं, तर आनंदाने हो म्हणा. सिन्नरचा प्लांट म्हणजे आपलाच, बोर्डावर नाव जवळपास तेच, मालकही तेच. तो कागदावर वेगळी कंपनी असेल, तर मात्र तुम्हाला ट्रान्स्फर लेटर मिळतं की इकडचा राजीनामा लिहून घेऊन तिकडचं नवं अपॉइंटमेंट लेटर, यात फरक पडतो. पहिल्यात ‘आधीची सेवा सलग धरली जाईल’ अशी एक ओळ असायला हवी. दुसऱ्यात सव्वाचार वर्षं शून्यावर येऊ शकतात, आणि सोबत सहा महिन्यांचं प्रोबेशनही येतं. त्या एका ओळीसाठी एचआरच्या मॅडमना त्रास देऊ नका. त्या कामात आहेत, तुमचं नवं ओळखपत्र छापायला टाकलंय. एम्प्लॉयी नंबरही नवा आहे.