'राउटर बंद करून चालू करा' याच्या पुढे जाण्यासाठी

आमच्या इमारतीचे रंगकाम संपले आणि त्याच आठवड्यापासून घरातले फायबर इंटरनेट दिवसातून आठ-दहा वेळा तुटू लागले. ग्राहक सेवेला मी चार फोन केले आणि चारही वेळा राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करण्यास सांगण्यात आले. पाचव्या वेळी काय बोलायचे ते मी आधी कागदावर लिहून काढले, आणि दुसऱ्याच दिवशी तंत्रज्ञ दारात उभा होता.

माझ्या मते चूक बरीचशी माझीच होती. फोन घेणाऱ्या व्यक्तीला तक्रारीचा प्रकार निवडावा लागतो आणि पुढचे प्रश्न त्या प्रकारानुसार ठरतात. मी दर वेळी 'नेट स्लो आहे, मधेच जाते' असे सांगत होतो, म्हणून संभाषण वाय-फाय, वेग आणि राउटर याच वाटेने जात होते. माझी खरी अडचण वाय-फायपर्यंत पोहोचण्याआधीचीच होती.

ती कशी ओळखायची हे सांगतो. फायबरची वायर ज्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. अनेक घरांत तोच डबा राउटरचेही काम करतो. नेट तुटते त्या क्षणी त्यावरचा LOS हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाशच नीट पोहोचत नाही असे समजावे. पुष्कळ डब्यांत ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाइप करून आत गेल्यावर RX Power, म्हणजे डब्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो तो आकडा दिसतो. जोडणी दिली त्या दिवशी तंत्रज्ञाने -21.4 dBm हा आकडा कागदावर लिहून दिला होता. आता तिथे -28.6 दिसत होते. हे आकडे ऋण असतात, त्यामुळे उणे चिन्हापुढची संख्या जितकी मोठी तितका प्रकाश कमी. दर 3 डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे आमच्याकडे पूर्वीच्या साधारण पाचवा हिस्सा उरला होता. घरगुती ओएनटीची मर्यादा सामान्यतः -27 च्या आसपास असते, प्रकाश त्याहून कमी झाला की लिंक तुटू लागते.

मग मी फोनवर हे वाचून दाखवले: "नमस्कार मॅडम, ही वेगाची किंवा वाय-फायची तक्रार नाही, लिंक तुटण्याची आहे. ओएनटीचा एलओएस दिवा लाल होतो. आरएक्स पॉवर उणे 28.6 आहे, जोडणीच्या दिवशी ती उणे 21.4 होती. आज सकाळी 9 वाजता ओएनटी बंद करून चालू केले आहे, लॅपटॉप केबलने जोडून पाहिला आहे, फरक पडलेला नाही. कृपया 'लो ऑप्टिकल पॉवर' अशी नोंद करून फील्ड व्हिजिट द्या आणि तक्रार क्रमांक सांगा."

बंद-चालू केल्याची वेळ सांगण्यामागे कारण आहे: त्यांना तो टप्पा पूर्ण झाल्याची खूण करायची असते. मात्र न करता केले असे सांगू नये, कारण ओएनटी किती वेळ सलग चालू आहे हे त्यांना दुरूनही दिसू शकते. फॅक्टरी रीसेट सुचवल्यास मी नम्रपणे नकार दिला असता. त्यात जोडणीचे सेटिंग पुसले जाऊ शकते आणि प्रकाश काही वाढत नाही.

"सर, तुमच्याकडे लाइट जात असेल," असे उत्तर आलेच. त्यासाठीचा प्रश्न तयार होता: "लिंक शेवटची तुटली त्याचे कारण 'डाइंग गॅस्प' दिसते की 'एलओएस'?" वीज गेली की बहुतेक ओएनटी विझता विझता कंपनीच्या यंत्राला एक शेवटचा संदेश पाठवते, त्याला डाइंग गॅस्प म्हणतात (नाव जरा भीतिदायक आहे खरे). तो संदेश न येताच प्रकाश तुटला तर वेगळी नोंद होते. पहिल्या फळीतल्या व्यक्तीला ही नोंद दिसतेच असे नाही. या बाईंना ती दिसत नव्हती, म्हणून त्यांनी तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवली, आणि मला तेच हवे होते.

एक पथ्य मात्र मी पाळले. मोजलेले आकडे सांगितले, पण एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला दोष देत 'तुमचा स्प्लिटर खराब आहे' असे निदान केले नाही. ते चुकीचेच ठरले असते. तंत्रज्ञाने जिन्यातल्या पेटीत मीटर लावला तेव्हा -20.9 आले, घरात -28.6, म्हणजे दोष या दोहोंमधल्या वायरीतच होता. रंगाऱ्यांनी ती ग्रिलमागे काटकोनात मुडपून खिळ्याने दाबली होती. एवढ्या तीव्र वळणातून प्रकाश बाहेर निसटतो. वायर सैल गोलाईत फिरवल्यावर घरातला आकडा -21.8 झाला. त्याने तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला, तो मी पडद्यावरचा आकडा स्वतः पाहिल्यावरच दिला.