स्टोअरकीपरला बी.कॉम. कशाला? एका फॉरवर्डचा समाचार

«एचआरएमच्या पेपरसाठी एवढंच पुरे! १) जॉब अ‍ॅनालिसिस, जॉब डिस्क्रिप्शन, जॉब स्पेसिफिकेशन ही एकाच गोष्टीची तीन नावं, कुठलंही लिहा, मार्क मिळतात. २) क्रम: आधी डिस्क्रिप्शन, मग स्पेसिफिकेशन, शेवटी अ‍ॅनालिसिस, म्हणजे माणूस काम नीट करतो का ते तपासणं. ३) स्पेसिफिकेशन सगळ्यात सोपं: त्या जागेवरच्या चांगल्या माणसाची पात्रता उतरवून काढा, शिक्षण जितकं जास्त तितकं उत्तम. ४) डिस्क्रिप्शन एकदा लिहिलं की बदलायचं नसतं. पुढे पाठवा!»

भाचीने काल रात्री अकरा वाजता हे मला पाठवलं. खाली एक ओळ: «मावशी, एवढं लक्षात ठेवलं तर चालेल ना?» पेपर परवा आहे. एचआरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर असलं काही वाचलं की झोप उडते. एका शब्दात उत्तर दिलं, «नाही», आणि बाकीचं इथे लिहितेय, कारण हाच मजकूर तिच्या अख्ख्या वर्गात फिरतोय.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीच्यांनी फार तर मार्क जातील, हा मुद्दा कुणी खरा मानून कामाला लावला तर माणसांच्या नोकऱ्या जातात.

समजा, एका गोदामात स्टोअरकीपरची जागा भरायची आहे. आत्ताचा माणूस निवृत्त होतोय आणि कामात तो खरोखर चांगला आहे. शिक्षण बी.कॉम., अनुभव १२ वर्षं, चार भाषा येतात. फॉरवर्डप्रमाणे स्पेसिफिकेशन, म्हणजे त्या कामासाठी माणसात काय हवं याची यादी, पाच मिनिटांत तयार: बी.कॉम., १२ वर्षं, चार भाषा. आता जरा त्याच्याशेजारी आठवडाभर बसून तो करतो काय ते बघू. गाडी आली की चलानावरचा आकडा आणि उतरलेला माल जुळवतो. फुटका माल बाजूला काढून त्याची नोंद करतो. प्रत्येक कप्प्यावरच्या बिन कार्डावर आवक-जावक लिहितो आणि संध्याकाळी तीच संगणकात चढवतो. दोन मदतनिसांना काम वाटून देतो. महिनाअखेरीला मोजणी करतो.

यात बी.कॉम. कुठे लागलं? ताळेबंद तो लिहीत नाही, ते हिशेब विभागाचं काम. त्याला लागतो तो असला हिशेब: पेटीत २४ नग, आलेल्या पेट्या १७, सुटे ९, म्हणजे एकूण ४१७. हा हिशेब गाडीवाला घाई करत असताना, उभ्या उभ्या, न चुकता जमला पाहिजे. त्याला पदवी लागत नाही. पदवीधराला तो जमेलच याचीही खात्री नाही. १२ वर्षांचंही तेच. सुपरवायझरला विचारायचं, नवा माणूस एकट्याने गोदाम सांभाळायला किती दिवसांत तयार होतो? त्याने तीन महिने सांगितलं तर १२ वर्षांची अट कुठल्या तोंडाने घालायची? चार भाषांपैकी चलानं ज्या भाषेत येतात तेवढ्याच कामाच्या.

याहून मजेशीर भाग पुढे आहे. आठवडाभर बघताना लक्षात येतं की खोक्यावरचा बारीक बॅच नंबर हे गृहस्थ स्वतः वाचतच नाहीत. दर वेळी मदतनिसाला हाक मारतात, कारण जवळचं नीट दिसत नाही. म्हणजे कामाला लागणारी एक क्षमता या ‘चांगल्या माणसा’त नाहीच, दुसऱ्याच्या डोळ्यांवर निभावतंय. त्याची पात्रता उतरवून काढणाऱ्याच्या कागदात नको ते सगळं येईल आणि ‘बारीक छपाई वाचता येणं, चष्मा लावून चालेल’ ही खरी अट राहून जाईल.

‘शिक्षण जितकं जास्त तितकं उत्तम’ याची तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चिरफाड होऊन गेली आहे. खटला ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी, निकाल मार्च १९७१ चा. परीक्षेसाठी एकच संदर्भ पाठ करायचा तर हा करा. नॉर्थ कॅरोलिनातल्या या वीज कंपनीच्या केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त लेबर विभागात घेत. तिथला सगळ्यात मोठा पगार इतर विभागांतल्या सगळ्यात लहान पगारापेक्षाही कमी. १९५५ मध्ये कंपनीने लेबर सोडून बाकी विभागांसाठी हायस्कूल पास असण्याची अट घातली. पुढे १९६५ मध्ये, भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा लागू झाला त्याच दिवशी, या विभागांत नव्याने येणाऱ्यांसाठी आणखी दोन तयार अभियोग्यता चाचण्या आणल्या. त्या चाचण्यांची पास होण्याची रेषा अशी होती की देशभरातले निम्मे हायस्कूल पास लोकही गळले असते.

या अटींचं आणि कामाचं नातं काय, याचा कंपनीने धड अभ्यासच केला नव्हता. ‘एकंदर दर्जा सुधारेल’ एवढाच आधार. आणि हायस्कूल पास नसलेले, अट येण्याआधीपासूनचे लोक त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते, बढत्याही घेत होते. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यातल्या श्वेतवर्णीय पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल पूर्ण केलेले होते, कृष्णवर्णीयांपैकी १२ टक्के. म्हणजे कागदावर सगळ्यांना सारखी दिसणारी अट कुणाला अडवत होती ते उघड आहे. न्यायालयाने अटी एकमताने रद्द ठरवल्या. सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालाचं सार असं की चाचणीने माणूस त्या कामासाठी मोजावा, हवेत मोजू नये. कंपनीचा हेतू वाईट नव्हता हा बचावही चालला नाही.

हा निकाल अमेरिकेतल्या कायद्यावरचा आहे, तो जसाच्या तसा सगळीकडे लागू होत नाही, हे कबूल. पण ड्यूक पॉवरने जे केलं नाही त्याचंच नाव जॉब अ‍ॅनालिसिस. स्पेसिफिकेशनमधल्या प्रत्येक ओळीला ‘हे कुठल्या कामासाठी?’ असं विचारायचं. उत्तर देता आलं नाही तर ती ओळ खोडायची.

आता तीन नावांचा घोळ. व्याख्या पाठ करून हा घोळ सुटत नाही, उलट वाढतो. त्यापेक्षा गोदामातली एकच गोष्ट घ्या आणि तिन्ही ठिकाणी तिचं काय होतं ते बघा. आठवडाभर बघताना मी वहीत लिहिलं: ‘सोमवार, गाड्या दोन. २५ किलोची खोकी हाताने उचलली तीन वेळा, बाकी सगळी ट्रॉलीवरून. मदतनीस नसताना एकदा एकट्याने.’ हे अ‍ॅनालिसिस चालू आहे. ती माहिती गोळा करून पारखायची प्रक्रिया आहे. निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली, कामाची डायरी ही तिची साधनं. त्यातून डिस्क्रिप्शनमध्ये ओळ गेली: ‘दिवसातून काही वेळा २५ किलोपर्यंतची खोकी उचलावी लागतात.’ हे कामाबद्दल. आणि त्या ओळीवरून स्पेसिफिकेशनमध्ये: ‘२५ किलो वजन अधूनमधून सुरक्षितपणे उचलता येणं.’ हे माणसाबद्दल. पेपरमध्ये विधानं देऊन ओळखायला सांगितलं तर वाक्य कुणाविषयी बोलतंय ते बघायचं, कामाविषयी की माणसाविषयी. पदाचं नाव, कुणाच्या हाताखाली, कर्तव्यं, यंत्रं, कामाच्या जागेची परिस्थिती हे सगळं डिस्क्रिप्शन. शिक्षण, अनुभव, कौशल्य, शारीरिक क्षमता, स्वभाव हे स्पेसिफिकेशन.

एक मान्य करायलाच हवं, जिवावर आलं तरी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ‘जेडी’, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, म्हणून जो कागद मिळतो त्यात वर कर्तव्यं आणि खाली पात्रता, दोन्ही असतात. मीही असे ढिगाने केलेत. म्हणून गोंधळ होतो हे समजू शकते. पण एका कागदावर राहिले म्हणून दोघे एक होत नाहीत, आणि परीक्षक विचारतो तो नेमका त्यांच्यातला फरक.

दुसऱ्या मुद्द्यातही अर्धं खरं आहे: डिस्क्रिप्शन आधी, स्पेसिफिकेशन नंतर. पण अ‍ॅनालिसिस शेवटी? मग आधीचे दोन कागद आणले कुठून, स्वप्नातून? आणि माणूस काम नीट करतो का हे तपासणं म्हणजे परफॉर्मन्स अप्रेझल, त्याचं प्रकरणच वेगळं आहे. अ‍ॅनालिसिस माणसाला गुण देत नाही. हे लोकांना सांगून मगच निरीक्षणाला बसावं लागतं. नाहीतर समोरचा घाबरतो आणि चार कामं वाढवून सांगतो. म्हणूनच एकट्याच्या मुलाखतीवर भागत नाही, सुपरवायझरला विचारून आणि रजिस्टर चाळून ताडून घ्यायचं. वहीत ‘मेहनती’, ‘आळशी’, ‘प्रामाणिक’ असे शब्द यायला लागले की समजायचं, आपण काम बघायचं सोडून माणूस बघायला लागलो.

चौथ्यावर फार शाई घालवत नाही. गोदामात बारकोड स्कॅनर आला त्या दिवशी बिन कार्ड लिहिण्याची ओळ मेली, आणि तिच्यासोबत स्पेसिफिकेशनमधलं ‘सुवाच्य अक्षर’ही. म्हणून डिस्क्रिप्शनच्या कागदावर तारीख असते.

सकाळी भाचीचा मेसेज आला. तिने स्टोअरकीपरऐवजी कॉलेजच्या ग्रंथालयातला मदतनीस घेऊन तिन्ही लिहून पाठवलंय. बरं जमलंय. फक्त स्पेसिफिकेशनच्या शेवटी ‘वाचनाची आवड’ लिहिलं होतं. मी विचारलं, कुठल्या कामासाठी? दहा मिनिटांनी उत्तर आलं: «खोडलं.»