'सीमाने पत्र लिहिला' याला शून्य का नाही

"व्याकरणाचं उत्तर एकतर बरोबर असतं, नाहीतर चूक. 'जवळपास बरोबर' असं काही नसतं. गणितात दोन अधिक दोन पाच लिहिलं तर अर्धा गुण देतात का? मग वाक्यरूपांतरात का द्यायचा? अर्धा गुण दिला की मुलांना चुकीचं मराठीच बरोबर वाटायला लागतं, आणि सगळा पेपर तपासणाऱ्याच्या मर्जीवर जातो. निदान पुण्यात तरी मराठी शुद्ध राहू द्या."

परीक्षांचे निकाल लागले की पुण्यातल्या पालकांमध्ये हा मजकूर फिरायला लागतो. मी इथल्याच एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते आणि दर सहामाहीला हे पेपर तपासते. एकच प्रश्न घेते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. वाक्य होतं 'सीमा पत्र लिहिते.' कंसात सूचना होती, भूतकाळ करा. गुण दोन.

अपेक्षित उत्तर 'सीमाने पत्र लिहिले.' दिसायला एका क्रियापदाचा बदल आहे, पण मुलाला इथे तीन कामं करायची असतात. क्रियापद भूतकाळात न्यायचं. मग कर्त्याला 'ने' लावायचा, कारण 'लिहिणे' सकर्मक आहे आणि साध्या भूतकाळात त्याचा कर्तरी प्रयोग राहत नाही, कर्मणी होतो. आणि आता क्रियापद सीमाकडे बघत नाही, पत्राकडे बघतं, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनी करायचं. वर्तमानकाळातल्या वाक्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. चौथं काम लेखनाचं. 'लिहीत' अकारान्त असल्यामुळे त्यात 'ही' दीर्घ येतो, 'लिहिले' अकारान्त नाही म्हणून त्यात ऱ्हस्व. मुलं 'लिहीत'मधला दीर्घ उचलून 'लिहीले' लिहितात.

आता वर्गात खरोखर आलेली उत्तरं बघा. एका मुलीने लिहिलं 'सीमा पत्र लिहिली'. एका मुलाने 'सीमाने पत्र लिहिला'. एकाने 'सीमाने पत्र लिहीले'. आणि एकाने 'सीमा पत्र लिहील'. चारही चूक आहेत, हे मान्यच. पण ती चार वेगवेगळी अज्ञानं आहेत, आणि चौघांना एकच शून्य दिलं की हा फरक माझ्या वहीतून पुसला जातो.

'सीमा पत्र लिहिली' हे उत्तर लोकांना सगळ्यात कानाला खटकतं, पण ते आलं कुठून हे बघण्यासारखं आहे. 'सीमा धडा शिकली', 'सीमा नाव विसरली', 'सीमा पाणी प्यायली' ही वाक्यं शुद्ध आहेत ना? शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्तरीच राहतात. मुलीने तोच नियम 'लिहिणे'ला लावला. तिच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये अशा वाक्यात कर्त्याला काही लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, त्यामुळे तिला खटकायचं कारणच नव्हतं. तिला भूतकाळ येतो, कर्मणी प्रयोग येत नाही.

'सीमाने पत्र लिहिला' लिहिणाऱ्या मुलाच्या घरी हिंदी. हिंदीत 'सीमा ने पत्र लिखा' होतं, म्हणून 'ने' त्याला आपसूक आला. हिंदीत पत्र पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंग त्या भाषेत नाहीच. तेव्हा या मुलाने कर्मणी प्रयोग अचूक केला आणि फक्त पत्राचं लिंग चुकवलं. ही चूक शब्दाची आहे, प्रयोगाची नाही. दोघांना एकाच पारड्यात टाकणं मला तरी पटत नाही.

आम्ही गुण असे वाटतो: भूतकाळ अर्धा, 'ने' अर्धा, कर्माशी जुळणी अर्धा, लेखन अर्धा. या हिशोबाने मुलीला एक गुण, मुलाला दीड, 'लिहीले'लाही दीड. 'सीमा पत्र लिहील' याला शून्य, कारण तो भविष्यकाळ आहे.

इथे एक खाच आहे, आणि अर्धे गुण देणाऱ्या पुष्कळ जणांचा पाय तिथेच अडखळतो. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवलं तरी लेखनाचा अर्धा गुण मिळेल, कारण त्यात शुद्धलेखनाची चूक नाहीच! म्हणून पहिलं काम हे दार आहे. सूचनेत मागितलेला बदल झाला असेल तरच पुढचे गुण मोजायचे. 'सीमाने पत्र लिहिते' मध्ये 'ने' आहे, पण भूतकाळ नाही. दार बंद, शून्य.

म्हणजे 'जवळपास' हे अक्षरांच्या सारखेपणावरून ठरत नाही. हे समजायला दुसरा प्रश्न घेते. 'मी हे काम विसरणार नाही. (होकारार्थी करा.)' एका मुलाने लिहिलं 'मी हे काम विसरेन.' मूळ वाक्याशी हे फार जवळचं दिसतं, नकार तेवढा काढलेला. पण अर्थ नेमका उलटा झाला. होकारार्थी रूपांतरात अर्थ राखून रूप बदलायचं असतं, तेच झालं नाही, म्हणून शून्य. दुसऱ्याने लिहिलं 'हे काम माझ्या ध्यानात राहील.' कर्ता बदलला, रचना बदलली, मूळ वाक्यातले दोनच शब्द उरले. तरी अर्थ आणि काळ जागेवर आहेत, पूर्ण दोन गुण. 'मी हे काम लक्षात ठेवतो' याला एक, कारण अर्थ आला पण काळ सुटला. आणि 'मी हे काम लक्शात ठेवीन' याला दीड. जो फक्त नमुना उत्तरातल्या छापील वाक्याशी जुळवून बघेल, तो 'ध्यानात राहील'वाल्या मुलाचे दोन्ही गुण घालवेल.

गणिताचं उदाहरण लवकर संपवते. दोन अधिक दोन हा एका पायरीचा प्रश्न आहे. चार पायऱ्यांच्या गणितात शेवटचं उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण देतात, ते आपण सगळ्यांनी शाळेत घेतलेले आहेत.

मर्जीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर मी कधी हसत नाही. नियम आधी ठरवले नाहीत तर अर्धा गुण म्हणजे शुद्ध मर्जीच. आम्ही दोघी शिक्षिका तपासायला बसतो तेव्हा आधी दहा उत्तरपत्रिका उघडून फक्त हा एक प्रश्न वाचतो आणि आलेली वेगवेगळी उत्तरं एका कागदावर लिहून काढतो. प्रत्येकासमोर गुण ठरवतो. मग त्याच दहा पत्रिका वेगवेगळ्या तपासतो, एकमेकींचे आकडे न बघता. जिथे फरक पडतो तिथे नियमात भोक असतं, ते बुजवल्यावरच पुढचा गठ्ठा. आणि एकेक पेपर पुरा न करता सगळ्या वर्गाचा तोच प्रश्न सलग तपासतो, म्हणजे सकाळी दिलेला दीड संध्याकाळी एक होत नाही.

या पद्धतीत आमचे दोन वाद झाले. एका मुलीने लिहिलं होतं 'सीमा पत्र लिहीत होती.' माझी सहकारी म्हणाली, साधा भूतकाळ हवा होता. पण सूचनेत 'साधा' हा शब्द नव्हता, आणि अपूर्ण भूतकाळ हाही भूतकाळच. पूर्ण दोन गुण दिले आणि पुढच्या पेपरात सूचना 'साधा भूतकाळ करा' अशी लिहिली. चूक प्रश्न काढणाऱ्यांची होती, म्हणजे आमची. दुसरा वाद 'सीमाने पत्र लिहिलं'चा. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे लेखी भाषेत 'लिहिले' हवं, बोलण्याचं चित्रण असेल तिथे अनुस्वाराचं रूप चालतं. ती लेखनाचा अर्धा गुण कापायच्या बाजूने होती. माझं म्हणणं होतं की इथे मुलाला कर्मणी प्रयोग आणि नपुंसकलिंग दोन्ही पक्कं येतं, तेव्हा या प्रश्नात शेरा पुरे, लेखनाच्या प्रश्नात कापावा. शेवटी माझं मान्य झालं, पण तिची बाजूही अगदीच लंगडी नाही.

राहिला मुलांना चुकीचं शिकवण्याचा प्रश्न. नुसता 'दीड' लिहून पुढे गेलं तर हा आरोप मला मान्य आहे. म्हणून चुकलेल्या अक्षराखालीच रेघ मारायची. 'लिहिला' मधल्या 'ला' खाली रेघ आणि वर 'ते पत्र' एवढे दोन शब्द. यासाठी दहा सेकंदं लागतात.

शून्य काय शिकवतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी मीही सरसकट शून्यच द्यायचे. 'सीमाने पत्र लिहिला' लिहिणाऱ्या अशाच एका मुलाला मी संपूर्ण वाक्यावर फुली मारून शून्य दिलं. पुढच्या चाचणीत वाक्य होतं 'आई पुस्तक वाचते.' त्याने लिहिलं 'आई पुस्तक वाचली.' मी विचारलं, "अरे, मागच्या वेळी 'ने' लावला होतास ना?" तो म्हणाला, "बाई, ते चुकलं होतं ना, म्हणून काढला." त्याला जे एक येत होतं तेच माझ्या फुलीने काढून घेतलं. 'ने'खाली बरोबरची खूण आणि 'ला'खाली रेघ असती तर असं झालं नसतं. पुढे महिनाभर वर्गात पुस्तक, पत्र, फूल, झाड, घर अशी 'ते' लागणारी नामं घेऊन वाक्यं करवली, तेव्हा कुठे 'ने' परत आला.

सगळ्याच प्रश्नांत अर्धा गुण द्यावा असं मात्र मी म्हणत नाही. 'काळ ओळखा', 'योग्य पर्याय निवडा', 'शुद्ध शब्द लिहा' अशा एका गुणाच्या प्रश्नांत एकच काम असतं, त्यात पायऱ्या नसतात. तिथे एक किंवा शून्य. पाव गुणाच्या वाटेलाही जाऊ नये, कारण तपासणारे दोघे पाव गुणावर कधी एकमत होत नाहीत आणि नियमांचा कागद दोन पानांचा होतो. अर्धा गुण तिथेच द्यावा जिथे प्रश्नात वेगळी मोजता येतील अशी कामं आहेत, आणि ती कामं कोणती हे पेपर काढतानाच लिहून ठेवलं आहे.